आपल्या नावावरचा अनोळखी नंबर

फोनवरचा आवाज दरडावणारा असतो. 'तुमच्या आधारवर मुंबईत एक सिम घेतलं गेलंय. त्या नंबरवरून लोकांना धमकीचे मेसेज गेलेत. दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होतील. अधिकाऱ्याशी बोलायचं असेल तर नऊ दाबा.' 'डिजिटल अटके'ची भीती घालून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्यांचा हा ठरलेला पहिला डाव. नंबर बंद करण्यासाठी आपण ग्राहकांना फोन करत नाही, असे ट्रायने अनेकदा जाहीर केले आहे. तरी डाव लागू पडतो, कारण ऐकणाऱ्याला त्यातले पहिले वाक्य खरे की खोटे हे त्या क्षणी ठरवता येत नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे बहुतेकांनी कधी मोजलेलेच नसते.

मोजण्याची सोय मात्र आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाने 2021 मध्ये ती 'टॅफकॉप' या नावाने आंध्र प्रदेश आणि तेलंगणापासून सुरू केली. मे 2023 मध्ये ती 'संचार साथी' या संकेतस्थळाचा भाग झाली आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचे मोबाइल ॲपही आले. एका व्यक्तीच्या नावावर सर्व कंपन्या मिळून जास्तीत जास्त नऊ नंबर असू शकतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडील राज्यांत ही मर्यादा सहाची आहे.

नियम असा असला तरी व्यवहार किती वेगळा होता, हे 2023 मध्येच दिसले. दूरसंचार विभागाने ग्राहकांचे फोटो एकमेकांशी ताडून पाहणारी यंत्रणा वापरून सुमारे 87 कोटी जोडण्या तपासल्या. त्यांतल्या 40 लाखांहून अधिक बनावट असल्याचा संशय आला आणि 36 लाखांवर बंद करण्यात आल्या. त्याच वर्षी विजयवाड्यात एकाच माणसाच्या फोटोवर 658 सिम चालू असल्याचे उघड झाले. एका चेहऱ्याची इतकी सिमे चालू होतात, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच कागदांवरची नावे दुसऱ्या कुणाची तरी असतात.

ती नावे येतात कुठून? रस्त्याच्या कडेला छत्री लावून सिम विकणाऱ्याकडे, झेरॉक्सच्या दुकानात, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर आपण आधारची प्रत देतो आणि विसरून जातो. कागदी अर्जावर सिम मिळत असे त्या काळात एकाच प्रतीवर दुसरा अर्ज भरणे अवघड नव्हते. जानेवारी 2024 पासून कागदी पडताळणी बंद झाली. आता ग्राहकाची ओळख डिजिटल पद्धतीने, बोटाचा ठसा किंवा ओटीपी घेऊन पटवली जाते. तरीही एक पळवाट उरते. 'ठसा नीट आला नाही, पुन्हा ठेवा,' असे सांगून विक्रेता दुसऱ्यांदा बोट ठेवून घेतो आणि त्यावर दुसरे सिम चालू करतो. ग्राहक एक सिम घेऊन घरी जातो, दुसरे दुकानातच राहते. म्हणून सिम घेताना ठसा एकाहून अधिक वेळा द्यावा लागला असेल, तर काही दिवसांनी ही यादी जरूर पाहावी.

तपासण्याची रीत सोपी आहे. sancharsaathi.gov.in उघडून नागरिकांच्या सेवांमध्ये आपल्या नावावरच्या मोबाइल जोडण्या जाणून घेण्याचा पर्याय निवडायचा. आपला दहा अंकी नंबर आणि चित्रातली अक्षरे टाकली, की त्या नंबरवर ओटीपी येतो. तो भरला की यादी समोर येते. पैसे लागत नाहीत, आधार क्रमांकही द्यावा लागत नाही. यादीतले नंबर पूर्ण दिसत नाहीत, मधले आकडे झाकलेले असतात.

इथे एक गोम आहे. आपण टाकलेला नंबर ज्याच्या नावावर नोंदलेला आहे, त्या माणसाची यादी येते. फोन हातात कुणाच्या आहे, याच्याशी तिला देणेघेणे नसते. आपल्याकडे असंख्य बायकांचे नंबर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या आधारवर घेतलेले आहेत. अशा बाईने आपल्या फोनवरून तपासले तर नवऱ्याची यादी उघडते, आणि तिच्या स्वतःच्या आधारवर कुणी काय घेतले आहे ते अंधारातच राहते. तिला स्वतःची यादी पाहायची असेल तर आधी एखादा नंबर स्वतःच्या नावावर हवा. कंपनीच्या दुकानात दोघांची ओळखपत्रे नेऊन हातातला नंबर नावावर करून घेता येतो. त्यासाठी एक खेप पडते, पण ही खेप घालावीच. परदेशात राहणाऱ्यांचेही तसेच. ओटीपीसाठी भारतातला आपल्या नावाचा चालू नंबर जवळ असावा लागतो.

खरे काम यादी समोर आल्यावर सुरू होते. समजा, साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने पहिल्यांदाच यादी पाहिली आणि सहा नंबर दिसले. तिच्या लेखी आपल्याकडे एकच फोन आहे, त्यामुळे पाच नंबर चोरांचे, असेच तिला पहिल्यांदा वाटणार. प्रत्येक नंबरापुढे तीन पर्याय असतात: Not My Number, Not Required आणि Required. घाबरलेला माणूस पाचही नंबरांपुढे पहिल्याच पर्यायावर बोट ठेवतो. इथेच घोटाळा होतो.

तिने आधी कागद घ्यावा, सहाही नंबरांचे दिसणारे आकडे लिहून काढावेत आणि घरातल्या सगळ्यांच्या नंबरांशी ताडून पाहावेत. पहिला नंबर तिचाच निघतो. दुसरा मुलगा पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याला घेऊन दिलेला. मुलगा आता जर्मनीत आहे, पण त्याच्या इथल्या बँकेचे ओटीपी अजून त्याच नंबरावर येतात. हा नंबर 'माझा नाही' म्हणून कळवला तर कंपनी वापरणाऱ्याला नव्याने ओळख पटवायला सांगणार आणि ती वेळेत पटली नाही तर नंबर बंद होणार. मुलाचे बँक खाते परदेशात अडकून पडेल, तेही आईच्या एका चुकीच्या टिचकीने. तिसरा नंबर नवऱ्याच्या फोनमधल्या दुसऱ्या सिमचा. या दोन्हींपुढे Required ठेवायचे.

चौथा नंबर इंटरनेटसाठी घेतलेल्या डोंगलचा. मुलगा अजून त्याचा रिचार्ज करतो, वापरत मात्र कुणीच नाही. तो आपला आहे आणि नको आहे, म्हणून त्याला Not Required. पण त्याआधी तो कुठल्या बँकेला, गॅसच्या जोडणीला किंवा ईमेलला जोडलेला नाही ना, हे पाहायला हवे. बंद झालेला नंबर कायमचा पडून राहत नाही. किमान 90 दिवस थांबून कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग आपल्या खात्याचे संदेश त्या परक्या माणसाच्या हातात जातात.

पाचव्या नंबराचे शेवटचे आकडे कुणाच्याच ओळखीचे नाहीत. दोन दिवस विचारपूस केल्यावर कळते, की शेतावरच्या गड्याकडे कागदपत्रे नव्हती म्हणून बाईंनीच त्याला आपल्या आधारवर सिम घेऊन दिले होते. आपल्याकडे अशा माणुसकीने घेतलेली सिमे पुष्कळ असतात. पोलिस मात्र चौकशीला पहिल्यांदा येतात ते ज्याच्या नावावर नंबर आहे त्याच्याच दारी. गड्याकडे आता आधार असेल तर त्याला सोबत घेऊन नंबर त्याच्या नावावर करावा.

उरला सहावा. तो घरातल्या कुणाचा नाही, आप्तांपैकी कुणाचा नाही. Not My Number फक्त त्याच्यापुढे. नोंदवण्याआधी पडद्याचा तारखेसह फोटो काढून ठेवावा. नोंदवल्यावर मिळणारा विनंती क्रमांकही जपावा, त्याच संकेतस्थळावर त्याने तक्रार कुठवर आली ते पाहता येते. तक्रार संबंधित कंपनीकडे जाते आणि कंपनी तो नंबर वापरणाऱ्याची फेरतपासणी करते. नंबर त्याच दिवशी बंद होईल अशी अपेक्षा ठेवू नये. तो खरोखर कुण्या गरजूच्या हातात असू शकतो आणि त्यालाही आपले म्हणणे मांडायची संधी मिळायला हवी. दिरंगाई वाटली तर कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि त्यानंतर तिच्या अपील अधिकाऱ्याकडे विनंती क्रमांकासह जाता येते.

सहावा नंबर कुणी घेतला, हे यादी सांगत नाही. आधारच्या ई-केवायसीवर सिम निघाले असेल तर दुसरीकडे माग लागू शकतो. myaadhaar.uidai.gov.in वर गेल्या सहा महिन्यांत आपले आधार कुठे कुठे पडताळले गेले त्याचा इतिहास दिसतो. त्यात तारीख, वेळ, पडताळणी करणारी संस्था आणि ठसा वापरला की ओटीपी, हे कळते. ज्या दिवशी आपण कुठेच सिम घेतले नाही त्या दिवशी एखाद्या दूरसंचार कंपनीची नोंद दिसली, तर तो पोलिसांना द्यायचा नेमका धागा. त्याच ठिकाणी ठसे आणि डोळ्यांची ओळख कुलूपबंदही करता येते. मग दुकानात कितीदाही बोट ठेवले तरी आपण कुलूप काढेपर्यंत पडताळणी होत नाही. रेशनसाठी ठसा द्यावा लागणाऱ्या घरांत मात्र आधी कुलूप काढायची आठवण ठेवावी लागते.

या साऱ्याला मर्यादाही आहेत. यादी कंपन्यांच्या नोंदींवर उभी असते. कुणी आपला फोटो लावून नाव आणि कागदपत्रे दुसऱ्याची दिली असतील, तर तो नंबर आपल्या यादीत दिसेलच असे नाही. फसवून किंवा दुसऱ्याचे सोंग घेऊन सिम मिळवणाऱ्याला 2023 च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्या सिमवरून आपले पैसे गेले असतील, तर मात्र संचार साथीवरच्या नोंदीवर थांबून चालत नाही. 1930 वर तात्काळ फोन करून cybercrime.gov.in वर वेगळी तक्रार द्यावी लागते.

साताऱ्याच्या बाईंनी काही आठवड्यांनी यादी पुन्हा उघडावी. सहावा नंबर गेला असेल, डोंगलही. पुढे 'तुमच्या आधारवर मुंबईत सिम घेतलंय' असा फोन आलाच, तर त्यांना नऊ दाबायची गरज नाही. फोन ठेवून त्यांनी वहीतले चार नंबर यादीशी ताडून पाहावेत.