फांद्यांची बेरीज आणि परीक्षकाची लाल शाई

इंग्लंडमधली मुलं सोळाव्या वर्षाच्या सुमारास जीसीएसई परीक्षेला बसतात. तिच्या गणिताच्या पेपरात एक प्रश्न वेगवेगळ्या वेशांत पुन्हा पुन्हा भेटतो. पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू आहेत. न पाहता एक चेंडू काढला, तो परत न टाकता दुसरा काढला. आधी ट्री डायग्रॅम पूर्ण करा, मग दोन्ही चेंडू वेगळ्या रंगांचे असण्याची संभाव्यता काढा.

आकृती साधी असते. डावीकडच्या बिंदूतून लाल आणि निळा अशा दोन फांद्या निघतात, त्यांच्यावर ५/८ आणि ३/८ लिहायचं. प्रत्येक फांदीच्या टोकाला पुन्हा दोन फांद्या. पहिला चेंडू लाल निघाला तर पिशवीत ७ चेंडू उरतात, त्यांत ४ लाल आणि ३ निळे. म्हणून पुढच्या फांद्या ४/७ आणि ३/७. पहिला निळा निघाला तर ५/७ आणि २/७. एका बिंदूतून निघणाऱ्या फांद्यांची बेरीज १ भरलीच पाहिजे, कारण तिथून पुढे यांपैकी काहीतरी एक घडणारच असतं.

आता एका विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर आणू. त्याने पहिल्या फांद्या बरोबर लिहिल्या. लाल निघाल्यावर लाल एकाने कमी होतात हे त्याला कळलं, म्हणून ४/७ लिहिलं. निळ्यांना मात्र कुणी हात लावलेला नाही, तेव्हा त्यांचा अपूर्णांक का बदलायचा, असं त्याला वाटलं आणि त्याने ३/८ तसंच ठेवलं. खालच्या बाजूलाही तेच झालं: २/७ बरोबर, पण लालसाठी ५/८. वरच्या बिंदूपाशी बेरीज ५३/५६ भरते आणि खालच्या बिंदूपाशी ५१/५६.

आकृतीचे गुण द्यायला फारसा विचार लागत नाही. पहिल्या जोडीचा गुण मिळतो, दुसऱ्या टप्प्याचा जातो. खरा पेच पुढच्या भागात आहे. इंग्लंडच्या परीक्षा मंडळांच्या गुणदान-तक्त्यात रीतीचे गुण वेगळे आणि अचूकतेचे वेगळे असतात. आधीच्या चुकीसाठी पुन्हा शिक्षा होऊ नये म्हणून विद्यार्थ्याचेच चुकीचे आकडे घेऊन रीत तपासायची पद्धत आहे. तिला ‘फॉलो थ्रू’ म्हणतात. त्यासोबत सहसा एक अट असते: फांदीवरचा आकडा ० ते १ च्या दरम्यान हवा. ३/८ ती अट सहज पार करतो.

म्हणजे या मुलाने ५/८ × ३/८ आणि ३/८ × ५/८ असे दोन गुणाकार करून बेरीज केली, तर रीतीचे गुण त्याचे. उत्तर येतं ३०/६४, म्हणजे १५/३२. खरं उत्तर १५/२८ आहे, त्यामुळे अचूकतेचा गुण जातो. इथवर सगळं सरळ.

पण वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीने हुबेहूब हीच चुकीची आकृती काढली आणि वाट वेगळी धरली, असं समजू. वेगळे रंग म्हणजे ‘दोन्ही सारखे’ सोडून बाकी सगळं, म्हणून तिने १ मधून सारख्या रंगांची संभाव्यता वजा केली. लाल-लाल ५/८ × ४/७ = २०/५६; निळा-निळा ३/८ × २/७ = ६/५६. एकातून २६/५६ गेले, उरले ३०/५६, म्हणजे १५/२८. उत्तर अगदी बरोबर!

आकृती एकच आणि उत्तरं दोन. फांद्यांची बेरीज १ असताना हे होऊ शकत नाही. सरळ वाटेने जा नाहीतर वजाबाकीच्या, एकाच ठिकाणी पोहोचता. बेरीज बिघडली की या दोन वाटांची फारकत होते. त्यामुळे ‘विद्यार्थ्याच्या आकृतीप्रमाणे उत्तर अमुक’ असं परीक्षकाला म्हणताच येत नाही. ते उत्तर कोणत्या वाटेने काढलं हे पाहून मगच ताडायला लागतं.

त्या मुलीला या भागाचे पूर्ण गुण द्यावेत का? द्यावेत. तिने वापरलेल्या चारही फांद्या बरोबर होत्या आणि चुकीच्या फांद्यांना तिने स्पर्शच केला नाही. चुकीची किंमत तिने आकृतीच्या गुणात मोजलेली आहे. पहिल्या मुलाला हे अन्यायाचं वाटेल खरं, पण त्याच्या गुणाकारांत चुकीचे आकडे होते आणि तिच्या गुणाकारांत नव्हते, हा फरक कागदावर उघड दिसतो.

नुसतं उत्तर पाहून निदान करणाऱ्या परीक्षकासाठी इथे आणखी एक खड्डा आहे. चेंडू परत टाकला असं धरलं तरी उत्तर १५/३२ च येतं. ती चूक वेगळी, कारण तिथे मुलाने प्रश्नच नीट वाचलेला नसतो. त्या आकृतीत मात्र प्रत्येक बिंदूपाशी बेरीज चोख १ भरते! म्हणजे बेरीज जुळली म्हणून आकृती बरोबर, असंही नाही. आपल्या मुलाने ४/७ लिहिलं होतं, यावरूनच त्याला चेंडू कमी झाल्याचं भान होतं हे समजतं.

बेरीज किती चुकली यावरून चूक कुठली हेही पुष्कळदा ओळखता येतं. समजा, लालच्या पुढच्या दोन फांद्यांवर २०/५६ आणि १५/५६ लिहिलंय. बेरीज ३५/५६, म्हणजे बरोबर ५/८, मागच्या फांदीइतकी. असं दिसलं की समजावं, मुलाने फांदीवरच गुणाकार करून ठेवला आहे. तेच आकडे त्याने शेवटचे मानले तर उत्तर बरोबर येईल. त्यांना पुन्हा ५/८ ने गुणलं तर रीतच बिघडली. दुसरीकडे, ‘पाऊस असेल तर उशीर ०.४, नसेल तर ०.१’ अशी माहिती दिलेली असताना कुणी एकाच बिंदूपाशी ०.४ आणि ०.१ लिहिलं, तर ती आकडेमोडीतली घसरण नव्हे. दोन वेगळ्या परिस्थितींतले आकडे त्याने एका जागी कोंबले आहेत, आणि त्याला आकृती नव्याने समजावून सांगायला हवी.

काही वेळा मात्र बेरीज न जुळणं निरुपद्रवी असतं. तीन समान शक्यतांवर ०.३३ लिहिलं तर ०.९९ भरतात, ही फक्त दशांशांची काटछाट. फुटबॉल सामन्यात जिंकणं ०.५ आणि हरणं ०.३ एवढंच काढून बरोबरीची फांदी गाळली असेल, आणि प्रश्नाला तिची गरजच नसेल, तर पुढच्या उत्तरात काही बिघडत नाही. आकृती ‘पूर्ण करा’ असं सांगितलं असेल तर मात्र गाळलेल्या फांदीचा गुण जातो.

कधी प्रश्नच उलटा येतो: भरलेली आकृती देऊन ‘यात काय चुकलं ते लिहा’ असं विचारलं जातं. एका बिंदूपाशी ०.६ आणि ०.५ दिसतात, ‘या दोघांची बेरीज १ हवी’ एवढं लिहिलं तरी पुरे. काही मुलं मात्र दुसऱ्या टप्प्यातल्या चारही फांद्या वरपासून खालपर्यंत एकत्र मिळवतात आणि लिहितात, ‘बेरीज १ येत नाही, म्हणून चूक.’ निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचं: ते दोन बिंदू आहेत, आणि निर्दोष आकृतीतही त्या चार फांद्यांची बेरीज २ च भरते.