शून्याचा संशय

अनोळखी डेटा हाती आला की मॉडेलच्या आधी प्रत्येक रकान्याचं किमान आणि कमाल मूल्य बघावं. अमेरिकेतल्या ॲरिझोनातील पिमा स्त्रियांच्या मधुमेहाचा प्रसिद्ध डेटासेट घ्या. ओळी 768, आणि `df.isnull().sum()` सांगतं, रिकामं काहीच नाही. पण `df.describe()` मध्ये रक्तदाबाचं किमान मूल्य 0 दिसतं. जिवंत बाईचा रक्तदाब शून्य? अशा 35 जणी आहेत; इन्शुलिन शून्य असलेल्या तर 374. म्हणजे न झालेली मोजणीच शून्य म्हणून नोंदली गेली. सरसकट पुसू मात्र नका: गरोदरपणांच्या आणि निकालाच्या रकान्यातलं शून्य खरं आहे. इन्शुलिनची शून्यं `NaN` करून सरासरी पुन्हा काढली, तर ती सुमारे 80 वरून 156 वर जाते.