‘पुढच्या तिमाहीत पाठवा’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विक्रेत्याने यंत्राची माहिती दिली, किमतीचा अंदाज सांगितला आणि गिऱ्हाईक म्हणाले, ‘आत्ता नको, पुढच्या तिमाहीत कोटेशन पाठवा.’ या वाक्यात नकार नाही आणि होकारही नाही. त्यातून ठरलेली तारीख काढता येते. मात्र त्यासाठी या वाक्याभोवतीचे काही गैरसमज बाजूला सारावे लागतात. गोसीखुर्द धरणाचा परिसर, म्हणजे भंडारा जिल्ह्यातला पवनी तालुका, हा वैनगंगेकाठचा धानाचा पट्टा आहे. तिथल्या एखाद्या राईस मिलला तांदळातले काळे-पिवळे दाणे वेगळे करणारे सॉर्टेक्स यंत्र विकायचे आहे आणि जूनच्या मध्यावर मिलमालकाने वरील उत्तर दिले आहे, असे उदाहरण पुढे धरले आहे.

गैरसमज १ : हे वाक्य म्हणजे सभ्य नकार.

वस्तुस्थिती : तसे असू शकते, पण त्यामागे आणखी किमान तीन कारणे असतात. हातात पैसा नसतो, कारण भरडाईचे बिल यायचे असते किंवा बँकेचे कर्ज मंजूर व्हायचे असते. हंगाम आडवा येतो, कारण जूनमध्ये मालकाचे लक्ष स्वतःच्या शेतातल्या पऱ्ह्यांकडे आणि रोवणीच्या तयारीकडे असते. किंवा निर्णय एकट्याचा नसतो, भाऊ अथवा भागीदार यांच्याशी बोलायचे असते.

कारण कोणते, हे एका प्रश्नाने कळते : ‘भाऊ, नक्की पाठवतो. पण तोपर्यंत काय व्हायचं आहे? बिल यायचं आहे, रोवणी उरकायची आहे की घरी बोलायचं आहे?’ प्रश्नातच पर्याय दिले की उत्तर देणे सोपे जाते. ‘बिल आलं की बघू’ असे उत्तर आले, तर पुढची तारीख बिलाला बांधायची. ‘बघू ना, पाठवा तुम्ही’ यापलीकडे काहीच आले नाही, तर नकाराची शक्यता वाढते, पण ती अजून शक्यताच असते.

गैरसमज २ : तिमाही सगळ्यांची एकच असते.

वस्तुस्थिती : हिशेबाच्या वर्षात एप्रिल ते जून ही पहिली तिमाही आणि जुलै ते सप्टेंबर ही दुसरी. विक्रेत्याचे लक्ष्य याच चौकटीत मोजले जाते. राईस मिलचे वर्ष मात्र धानाबरोबर फिरते. हलके धान ऑक्टोबरमध्ये कापणीला येते, भारी धान नोव्हेंबरात. सरकारी खरेदीचा खरीप पणन हंगामही 1 ऑक्टोबरपासून मोजला जातो. त्यानंतर मिल चालू ठेवणे हेच मालकाचे काम असते. नवे यंत्र बसवण्यासाठी ती बंद ठेवायला तो सहसा तयार होत नाही. म्हणून ‘पुढची तिमाही’ म्हणताना त्याच्या मनात दिवाळीनंतरचा काळ असेल, तर त्या हंगामात यंत्र बसण्याची शक्यता जवळजवळ संपते.

यावर उपाय म्हणजे यंत्र ज्या दिवशी चालू हवे, तिथून मागे मोजणे. समजा ते 25 सप्टेंबरला चालू व्हायला हवे. पाया, वीजजोडणी, कॉम्प्रेसर आणि चाचणी यांना दहा दिवस धरले, तर यंत्र 15 सप्टेंबरला मिलमध्ये पोहोचायला हवे. पुरवठ्याला पाच आठवडे लागत असतील, तर ऑर्डर 10 ऑगस्टच्या सुमारास. कर्ज आणि घरचा विचार यांना साडेतीन आठवडे दिले, तर कोटेशन 15 ते 17 जुलैच्या दरम्यान हातात हवे. आता ‘पुढच्या तिमाही’च्या जागी एक तारीख आली आणि ती मिलच्या कामातून निघाली.

गैरसमज ३ : तारीख मागणे म्हणजे मागे लागणे.

वस्तुस्थिती : कारण नसलेली तारीख मागे लागल्यासारखी वाटते. ‘मग कधी फोन करू?’ या प्रश्नाला ‘करा कधीतरी’ हेच उत्तर येते. वरचा हिशेब सांगून विचारले, तर तीच गोष्ट सोयीची ठरते : ‘हलकं धान यायच्या आत यंत्र चालू हवं असेल, तर ऑर्डर 10 ऑगस्टपर्यंत लागेल. कोटेशन 15 जुलैला घेऊन येऊ की 17ला? रोवणीचे दिवस आहेत, तर संध्याकाळी सात चालेल का?’

आयकराचा एक नियमही इथे उपयोगी पडतो. नवी यंत्रसामग्री त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल, तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. साध्या वर्षात ही सीमा 3 ऑक्टोबरला येते. यंत्राची किंमत 20 लाख रुपये आणि घसाऱ्याचा दर 15 टक्के धरला, तर त्या तारखेपर्यंत वापर सुरू झाल्यास पहिल्या वर्षी 3 लाखांचा घसारा, उशीर झाल्यास दीड लाखाचा. उरलेला घसारा बुडत नाही, तो पुढच्या वर्षांत मिळत राहतो. त्यामुळे याची भीती घालायची नाही. ‘तुमच्या सीएंना विचारून घ्या’ एवढेच सुचवायचे.

तारीख मिळावी म्हणून लगेच सवलत देणे मात्र उलटते. थांबले की भाव उतरतो, असा अर्थ गिऱ्हाईक त्यातून काढते. त्याऐवजी कोटेशनवर मुदत लिहावी : ‘हा भाव 10 ऑगस्टपर्यंत.’

गैरसमज ४ : तारीख ठरली की काम संपले.

वस्तुस्थिती : तोंडी ठरलेली तारीख विक्रेत्याच्या वहीत राहते, मालकाच्या डोक्यात राहत नाही. म्हणून त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर तीन-चार ओळी पाठवाव्यात :

‘नमस्कार भाऊ. ठरल्याप्रमाणे 15 जुलै, संध्याकाळी 7 वाजता मिलवर येतो. सोबत कोटेशन आणि वीजभाराची माहिती आणतो. तोपर्यंत तुम्ही भागीदारांशी बोलून ठेवाल. वेळ बदलायची असल्यास कळवा.’

या निरोपात दोघांचीही कामे लिहिलेली आहेत. मालकाने ‘हो’ लिहिले, तर तारीख पक्की समजावी. आदल्या दिवशी एक आठवण पुरते. मधल्या महिन्यात रोज चौकशी करण्यापेक्षा एकदाच कामाची गोष्ट पाठवावी, उदाहरणार्थ त्यांच्याच तांदळाच्या नमुन्यावर घेतलेल्या चाचणीचा निकाल. पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला की रस्ते बंद पडतात, म्हणून भेट हुकल्यास त्याच वेळी फोनवर बोलायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे.

गैरसमज ५ : पाठपुरावा कधीच सोडायचा नाही.

वस्तुस्थिती : ठरलेली तारीख एकदा टळणे नेहमीचे आहे. तेव्हा कारण विचारून नवी तारीख घ्यावी. कारण न देता दुसऱ्यांदा टळली, तर सरळ विचारावे : ‘यंदा यंत्र घ्यायचं नसेल तर तसं सांगा, राग नाही. उन्हाळी धानाची भरडाई आटोपल्यावर पुन्हा बोलू का?’ यावर ‘हो, तेव्हा या’ असे उत्तर आले, तर पुढच्या वर्षीची तारीख लिहून घ्यावी. स्पष्ट नकार आला, तर नाव यादीतून काढावे. ज्या गिऱ्हाइकाकडे ना कारण आहे ना तारीख, त्याला विक्रीच्या अंदाजात धरू नये.