दुपारची मरतुक आणि सकाळचं खाद्य

मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या कुक्कुटपालकाला विचारा, कोंबड्या कधी दगावतात? भर दुपारी बारा-एकला नव्हे, असंच तो सांगेल. ऊन उतरायला लागतं, चार ते सहाच्या दरम्यान, तेव्हा शेडमध्ये पक्षी पटापट आडवे होतात. दिवसभर तग धरलेला, विक्रीला चार दिवस उरलेला, दोन किलोचा पक्षी सर्वांत आधी जातो. छोटी पिल्लं त्याच उकाड्यात बागडत असतात.

याचं कारण पक्ष्याच्या शरीरात आहे. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान एरवीच ४१ अंशांच्या आसपास असतं आणि ते ४६-४७ पर्यंत चढलं की ती वाचत नाही. म्हणजे हाताशी अवघे पाच-सहा अंश. बाहेरची हवा ३० अंशांपर्यंत असते तोवर अंगातली उष्णता पंखांखालून, तुऱ्यातून, पायांतून हवेत निघून जाते. हवा तापली की हा मार्ग आटतो आणि उरतो एकच उपाय, चोच उघडून धापा टाकायच्या. श्वासाबरोबर घशातलं आणि फुप्फुसातलं पाणी वाफ होऊन जातं आणि सोबत उष्णता नेतं. मिनिटाला पंचवीस-तीस असणारा श्वास दीडशेच्या पुढे जातो. पण ही धाप म्हणजे स्नायूंचं कामच, आणि त्यातूनही उष्णता तयार होते. शिवाय रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि रक्ताचा तोल बिघडतो. तासन्‌तास धापा टाकून पक्षी थकतो. म्हणून तो ऐन उन्हात नाही, संध्याकाळी कोसळतो.

आता यात खाद्याचा भाग काय? खाल्लेलं पचवताना शरीर उष्णता तयार करतं आणि ती खाल्ल्यानंतर चार ते सहा तासांनी शिगेला पोहोचते. दहा वाजता पोटभर खाल्लेल्या पक्ष्याची आतली भट्टी दुपारी तीनला, नेमक्या सर्वांत तापलेल्या वेळी, पेटलेली असते. म्हणून सकाळी नऊच्या सुमारास फीडर दोरीने वर उचलून घ्यावेत आणि ऊन उतरेपर्यंत खाली सोडू नयेत. पहाटे चारपासून दिवे लावून पक्ष्यांना खाऊ द्यावं. संध्याकाळी पाच-सहानंतर, बहुतेकांच्या धापा थांबल्या की, पुन्हा फीडर सोडावेत आणि रात्री दिव्याच्या उजेडात खाणं चालू ठेवावं.

यावर शेतकऱ्याची पहिली शंका वजनाची असते. आठ तास उपाशी ठेवलं तर वजन कसं भरणार? पण भर उन्हात पक्षी मुळात फारसं खातच नाही. जे थोडं खातो, तेच त्याला महागात पडतं. रात्री तो ती तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. फीडर सोडायच्या आधी सगळे भरून ठेवावेत आणि एकदमच सोडावेत. एका टोकापासून एकेक भरत गेलात तर भुकेले पक्षी तिथे एकमेकांवर चढतात, ओरखडे पडतात, आणि गर्दीतच गुदमरून मरतात. तीन आठवड्यांखालच्या पिल्लांना ही उपासमार लावण्याची गरज नाही.

पाणी मात्र क्षणभरही थांबता कामा नये. एक उदाहरण घेऊ. अमरावतीजवळ १५० फूट लांब, ३० फूट रुंद शेड आहे. हिवाळ्यात एका पक्ष्याला एक चौरस फूट या हिशोबाने त्यात ४५०० पक्षी सोडतात. उन्हाळ्यात सव्वा चौरस फूट धरला तर ३६०० बसतात. दोन किलोचा पक्षी अंगातून सतत सुमारे पंधरा वॅट उष्णता बाहेर टाकतो. ९०० पक्षी कमी म्हणजे हजार वॅटच्या तेरा-चौदा शेगड्या शेडमधून बाहेर काढल्यासारखं झालं. पंखे लावून जे साधायला कष्ट पडतात, ते पिल्लं टाकतानाच साधतं. करार पद्धतीत पिल्लांचा आकडा कंपनी ठरवते, हे खरं. पण मार्च-एप्रिलच्या बॅचसाठी तो आकडा आधीच बोलून घ्यावा, आणि ते जमलं नाही तर पाचव्या आठवड्यात काही पक्ष्यांचं लवकर लिफ्टिंग मागावं. मोठे पक्षी कमी झाले की उरलेल्यांना हवा मिळते.

या ३६०० पक्ष्यांना उन्हाळ्यात दिवसाला प्रत्येकी अर्धा लिटरहून जास्त पाणी लागतं. म्हणजे दोन हजार लिटरच्या वर, आणि त्यातलं बरंचसं दुपारच्या चार-पाच तासांत. छपरावरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी आंघोळीइतकं गरम होतं. असं पाणी पक्षी चाखून सोडून देतो. टाकीला सावली करावी, भोवती ओलं गोणपाट गुंडाळावं, उघड्यावरचा पाइप मातीत पुरावा आणि दुपारी दोन-तीनदा निपल लाइनचं टोक उघडून साचलेलं गरम पाणी वाहू द्यावं. नळाखाली हात धरून बघा. हाताला थंड लागत नसेल तर पक्ष्यालाही लागत नाही. इलेक्ट्रोलाइट सकाळीच द्यावीत, धाप लागण्याआधी. कडवट औषधं दुपारच्या पाण्यात नकोत.

हवा खेळती ठेवण्यात एक फसगत होते. ४४ अंशांचा कोरडा वारा पक्ष्याच्या अंगापेक्षा गरम असतो, म्हणून नुसता पंखा ती झळ पक्ष्यावर आणून टाकतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हात पंख्याबरोबर फॉगर हवा आणि वाऱ्याच्या बाजूला ओली गोणपाटं हवीत. पत्र्यावर पाणी फवारलं, चुना लावला तर छपराची झळ कमी होते. पण झळ नको म्हणून प्लास्टिकचे पडदे घट्ट लावून घेणं घातक आहे, कारण आतली उष्णता, दमटपणा आणि अमोनिया कोंडतो. कोकणात मात्र फॉगरचा उपयोग थोडाच. हवा आधीच दमट असेल तर वाफ होत नाही, तूस भिजतं आणि पक्ष्याची धापही निष्फळ ठरते. तिथे भिस्त मोकळ्या बाजूंवर आणि जोराच्या पंख्यांवर.

पक्षी शेडच्या थंड कोपऱ्याकडे सरकतात आणि तिथली गर्दी वाढते. म्हणून दर तीस-चाळीस फुटांवर जाळीचा आडपडदा लावावा. दुपारी तूस हलवू नये, लस देऊ नये. पक्षी पंख पसरून, मान ताणून बसले असतील तर शेडमधून अगदी सावकाश एक फेरी मारावी. ते उठले की पोटाखाली दडलेली उष्णता सुटते. पण घाई किंवा आवाज केला तर हीच फेरी मरतुक वाढवते.

मे अखेरीचा एक धोका मात्र हमखास नजरेतून सुटतो. दुपारभर फॉगर चालू असतो, पाचला ढग येतात, वारा पडतो, तापमान दोन-चार अंशांनी उतरतं आणि माणसाला वाटतं, सुटलो. हवेतली आर्द्रता मात्र चढलेली असते. तेव्हा फॉगर ताबडतोब बंद करावा, पडदे पूर्ण उघडावेत, पंखे चालू ठेवावेत आणि सगळ्या पक्ष्यांच्या चोची मिटल्याशिवाय फीडर खाली सोडू नयेत.