पिवळी लघवी आणि डोळ्याचा पडदा

मधुमेह जुना झाला आणि नजर धूसर होऊ लागली की नेत्रतज्ज्ञ कधीकधी 'अँजिओग्राफी' सांगतात, आणि रुग्णाला आधी हृदयच आठवतं. ही अँजिओग्राफी डोळ्याची. इथे नळी घालत नाहीत. बाहुली थेंबांनी मोठी करून हाताच्या शिरेत फ्लुरोसिन नावाचा नारिंगी रंग टोचतात. दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्याच्या पडद्यात पोहोचतो. निळ्या प्रकाशात तो हिरवट-पिवळा चमकतो आणि कॅमेरा काही मिनिटं फोटो टिपत राहतो.

निरोगी रक्तवाहिनी हा रंग आत धरून ठेवते. मधुमेहाने कमजोर झालेल्या वाहिनीवरचा सूक्ष्म फुगा आधी ठिपक्यासारखा उजळतो. त्यातून गळती असेल, तर पुढच्या फोटोंत त्याची कडा पुसट होत डाग पसरतो. म्हणूनच एका फोटोवर निदान होत नाही. जिथे रक्तच पोहोचत नाही, तो भाग काळा राहतो. मात्र साचलेलं रक्तही रंग झाकून काळंच दिसतं, त्यामुळे डॉक्टर साधा रंगीत फोटो शेजारी ठेवून पाहतात.

घरी गेल्यावर त्वचा पिवळसर दिसते. ही कावीळ नव्हे. काही तासांत ती उतरते. मूत्रपिंडं रंग बाहेर टाकतात, म्हणून लघवी साधारण दिवसभर गर्द पिवळी-नारिंगी होते. टोचल्यावर क्षणभर मळमळणंही नेहमीचंच. पण अंगावर पित्त उठलं, धाप लागली किंवा टोचल्या जागी आग होऊन सूज आली, तर तिथल्या तिथे सांगा. दमा, ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल, तर ते सुई टोचण्याआधीच सांगा.