प्लास्टिकच्या भंगारात पैसा निवडणीचा

तालुक्याच्या गावात कचऱ्यावर धंदा सुरू करायचा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर आधी यंत्र येतं. प्लास्टिक वितळवून दाणा काढणारं यंत्र, त्यासाठी कर्ज, शेड आणि वीजजोडणी. मला हा क्रम उलटा वाटतो. दाण्याचं यंत्र चालवायला एकाच जातीचं, स्वच्छ प्लास्टिक रोज भरपूर लागतं आणि 20-25 हजार वस्तीच्या गावात ते एकट्याला मिळणं कठीण असतं. अशा गावात खरोखर मोकळी असलेली जागा त्याच्या एक पायरी आधीची आहे. फेरीवाल्यांकडून मिसळ भंगार घ्यायचं, जातवार निवडायचं, दाबून गठ्ठे बांधायचे आणि मोठ्या कारखान्याकडे पाठवायचे.

निवडीला भाव मिळतो, कारण वेगवेगळी प्लास्टिकं वितळून एकजीव होत नाहीत. पाण्याची बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते आणि तिचं झाकण एचडी किंवा पीपीचं. तेलाचा पाच लिटरचा कॅन एचडी, दुधाची पिशवी एलडी, बादली बहुधा पीपी, तर वायरिंगची नळी पीव्हीसी. यातली सर्वांत घातक भेसळ पीव्हीसीची. पेट साधारण 260 अंशांना वितळतं, पण पीव्हीसी त्याच्या बरंच आधी जळू लागतं आणि आम्लाचा वायू सोडतं. त्याचे थोडेसे तुकडे राहिले तरी सगळा माल पिवळा पडतो, ठिसूळ होतो. म्हणून कारखानदार गठ्ठा फोडून बघतो आणि एकदा पीव्हीसी सापडलं की पुढच्या गाडीलाही भाव पाडून मागतो.

वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असेल तर काम सोपं. 1 म्हणजे पेट, 2 एचडी, 3 पीव्हीसी, 4 एलडी, 5 पीपी. पण भंगारातल्या अर्ध्याअधिक तुकड्यांवर आकडा नसतोच. तेव्हा एक बादली पाणी पुरतं. त्यात साबणाचे दोन थेंब टाकायचे, म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटून फसवणूक होत नाही. नखाएवढा तुकडा पाण्याखाली दाबून सोडायचा. एचडी, एलडी आणि पीपी वर येतात. पेट आणि पीव्हीसी तळाशी जातात. वर आलेल्यांत नखाने ओरखडा काढून पाहावा. मेणासारखा गुळगुळीत लागून सहज ओरखडा उठला तर बहुधा एचडी, कडक लागलं तर पीपी. खुर्च्यांच्या बाबतीत मात्र बादलीवर विसंबू नये. स्वस्त खुर्चीच्या पीपीत खडूची भुकटी मिसळलेली असते, त्यामुळे ती पीपी असूनही बुडते. जाळून वास घ्यायची जुनी पद्धत सोडून द्यावी. पीव्हीसीचा धूर छातीत जातो.

ही ओळख वर्षानुवर्षं कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हातात असते. तुकडा दुमडताच, फरशीवर टाकताच त्यांना आवाजावरून जात कळते. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेबरोबर काम करते आहे, आणि तिचा कणा याच बायका आहेत. गावात धंदा सुरू करणाऱ्याने निवडीच्या कामासाठी पहिलं बोलावणं त्यांना करावं आणि मजुरी रोजच्या रोज द्यावी.

आता हिशोब. पुढचे भाव समजुतीसाठी धरले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे घालून पाहावेत. समजा, 100 किलो मिसळ प्लास्टिक 12 रुपये किलोने घेतलं. खर्च 1,200. निवडल्यावर 40 किलो बाटल्या निघाल्या, त्या 30 रुपयांनी 1,200 च्या. कडक माल म्हणजे कॅन, बादल्या, झाकणं 30 किलो, 28 रुपयांनी 840 चा. दुधाच्या व इतर स्वच्छ पिशव्या 18 किलो, 20 रुपयांनी 360 च्या. उरलेला 12 किलो माती आणि विकला न जाणारा कचरा. विक्री 2,400 ची झाली. एका माणसाची दिवसाची मजुरी 450 धरली, तर हातात 750 उरतात.

पण माल अजून गाळ्यातच आहे. कारखाना 100 किलोमीटरवर असला आणि छोटा हत्ती जाऊन-येऊन 3,000 रुपये घेत असला, तर त्यात किती किलो बसतं यावर सगळं ठरतं. लिटरची रिकामी बाटली जेमतेम 20-25 ग्रॅमची. बाटल्या फुगलेल्याच भरल्या तर दोरी बांधून, उंच रचूनही दीडशे किलोच्या आसपासच जातात. म्हणजे किलोमागे भाडंच 20 रुपये. आपल्या 40 किलो बाटल्यांवर 800 रुपये गेले, म्हणजे उरलेले 750 संपून खिशातून 50 द्यावे लागले. तोच माल प्रेसमध्ये दाबून गठ्ठे केले, तर गाडी साडेसातशे किलोपर्यंत भरते आणि भाडं किलोला 4 रुपयांवर येतं. 88 किलोंचं भाडं सुमारे 350, हातात राहतात 400. गाळ्याचं भाडं, वीज, कर्जाचा हप्ता आणि स्वतःचा पगार यातूनच काढायचा आहे. त्यामुळे रोज 300 किलोंच्या खाली हा धंदा उभा राहत नाही. पहिलं यंत्र घ्यायचंच तर ते गठ्ठ्यांचा प्रेस घ्यावा.

300 किलो एकट्या गावातून येणार नाहीत. आसपासचे ढाबे, मंगल कार्यालयं, आठवडी बाजार धरावे लागतात. आणि महाराष्ट्रात एक साठा असा आहे जो शहरी भंगारवाल्याकडे नसतो, तो म्हणजे ठिबकच्या जुन्या नळ्या. काही हंगामांनंतर त्या चोंदतात, फाटतात आणि बांधावर वेटोळी होऊन पडतात. सगळा माल एका जातीचा, शेकडो किलो एका शेतातून. वरून टोचलेले ड्रिपर आणि जोड बहुधा वेगळ्या प्लास्टिकचे असतात, ते उपटून काढावे लागतात. नळीच्या आत क्षार आणि गाळ किती आहे हे वजन करण्याआधी एक वेटोळं कापून बघावं, नाहीतर प्लास्टिकच्या भावाने मातीचं वजन होतं. मल्चिंगचा कागद मात्र घेऊ नये. तो इतका पातळ असतो आणि त्याला माती इतकी चिकटते की धुण्याचा खर्च भावापेक्षा जास्त होतो.

शेतीच्या गावात आणखी एक गोष्ट जपायची. कीटकनाशकांच्या बाटल्या एचडीच्या आणि देखण्या असतात, पण कॅनच्या ढिगात त्या कधीच मिसळू नयेत. पुढे त्या मालाचं काय होईल यावर आपला ताबा नसतो, आणि हाताळणाऱ्या बाईच्या हाताला आधी विष लागतं. दवाखान्याच्या सलाइनच्या बाटल्या आणि नळ्याही काट्यावर घेऊ नयेत. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम त्यासाठी वेगळे आहेत.

खरेदीदार धंद्याआधी शोधावा. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या प्लास्टिकपासून चटया करणारे कारखाने आहेत. तिकडे किंवा जवळच्या कुठल्याही कारखान्यात निवडलेल्या मालाचं एक पोतं घेऊन जावं आणि समोर फोडून भाव विचारावा. ओल्या मालावर किती घट धरतात, पैसे किती दिवसांनी देतात, जीएसटीचं बिल लागतं का, हे तिथेच ठरवावं. कडक मालाचा चुरा करायला किंवा तो धुवायला घेतला की प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगीही बघावी लागते.

राहिले ते 12 किलो. चिप्स आणि बिस्किटांची चकचकीत वेष्टनं अनेक थरांची असतात, ती वेगळी होत नाहीत आणि त्यांना गिऱ्हाईक नाही. सिमेंटच्या भट्टीत ती इंधन म्हणून जातात, पण वाहतुकीचा भार कुणी तरी उचलावा लागतो. म्हणून नगरपंचायतीशी सुरुवातीलाच लेखी बोलणं करावं की हा माल त्यांच्या प्रक्रिया केंद्रावर किती दिवसांनी नेला जाईल. आणि फेरीवाल्याला पहिल्या दिवशीच सांगावं की वेष्टनं आणलीस तर काट्यावर चढणार नाहीत.