चढावर गाडी मागं का येत नाही? 'हिल असिस्ट'चे ते दोन सेकंद समजून घ्या

कळमनुरी : माहूरगडाच्या चढावर पुढची गाडी अचानक थांबली की आपल्यालाही थांबावं लागतं. पुन्हा निघताना पाय ब्रेकवरून ॲक्सिलेटरवर न्यायला साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी मागं सरकते आणि मागच्या दुचाकीवाल्याचा जीव वर-खाली होतो.

हिशोब करून बघा. माणसांसह गाडीचं वजन 1500 किलो आहे आणि सहा फुटांमागे एक फूट चढ आहे. अशा वेळी गाडीला मागं ओढणारा जोर सुमारे 250 किलोचा असतो. ब्रेक नसेल तर एका सेकंदात गाडी अडीच फुटांच्या आसपास मागं येते आणि दोन सेकंदांत जवळपास दहा फूट.

हीच अडचण 'हिल असिस्ट' किंवा 'हिल होल्ड' सोडवतं. गाडीतला सेन्सर ती किती कललेली आहे ते ओळखतो. तुम्ही ब्रेक सोडला तरी एबीएसच्या युनिटमधले व्हॉल्व्ह बंद राहतात, त्यामुळं ब्रेक ऑइलचा दाब चाकांवर तसाच अडकून राहतो. इंजिनानं पुरेसा जोर धरला की दाब हळूच सुटतो आणि गाडी पुढं निघते. उतारावर तोंड करून रिव्हर्स घेतानाही हे चालतं.

पण ही मदत बहुतेक गाड्यांत दोनेक सेकंदांचीच असते. तोवर ॲक्सिलेटर दिला नाही, तर गाडी मागं येणारच. म्हणून याच्या भरवशावर गाडीतून उतरू नका, हँडब्रेक ओढाच. अगदी कमी चढावर मात्र ते लागूही होत नाही, तो बिघाड समजू नये.

उतारासाठी काही एसयूव्हींमध्ये 'हिल डिसेंट कंट्रोल'चं बटण असतं. बटणावर उतारावरच्या गाडीचं चित्र असतं. प्रत्येक चाकाचा सेन्सर वेग मोजतो. वेग वाढला की पंप स्वतःच दाब तयार करून हवं त्या चाकाला ब्रेक लावतो. त्या वेळी कटकट आवाज येतो, पेडल थरथरतं, ते नॉर्मल आहे.

हे बटण खडीच्या, कच्च्या, तीव्र उतारावर सावकाश उतरण्यासाठी आहे. लांबलचक घाटात ते सतत चालू ठेवलं तर ब्रेक तापतात, मग यंत्रणा स्वतःच बंद पडू शकते. तिथं खालच्या गिअरमध्येच उतरा, न्यूट्रल करू नका. आणि ओल्या काळ्या मातीत टायरची पकडच सुटली, तर ब्रेक कोणीही लावला तरी गाडी घसरते.

एक खूण लक्षात ठेवा : डॅशबोर्डवर एबीएस किंवा ईएससीचा दिवा सतत पेटलेला असेल, तर ही मदतही बंद असू शकते. कारण दोन्हींचे व्हॉल्व्ह तेच आहेत. घाटात निघण्याआधी मेकॅनिकला दाखवा.